कोडिंग आणि व्हीएमसाठी स्वस्तातला पीसी घेताय? या चुका टाळा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरच्या मुलांना एकाच मशीनवर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, करून उबंटू, काली आणि विंडोज चालवावं लागतं, आणि खिशात पैसे बेताचेच असतात. अशा वेळी ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा आहे. नव्या पार्ट्सचा पीसी जुळवताना कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डमध्येच बरेच पैसे जातात. इथे ते सगळं आयतं मिळतं आणि वाचलेला पैसा रॅम-एसएसडीवर घालता येतो. फक्त घेताना आणि सेटअप करताना काही ठरावीक ठिकाणी पाय घसरतो.

पहिली घसरण ‘आय-सेव्हन’ या स्टिकरवर. दुकानात आय-सेव्हन ३७७० आणि आय-फाइव्ह ८५०० शेजारी ठेवलेले असतील तर बहुतेक जण आय-सेव्हन उचलतात. पण ३७७० तिसऱ्या पिढीचा आहे. त्यात चार कोअर असतात आणि बोर्डावर डीडीआर-थ्री रॅम बसते, म्हणजे पुढच्या कुठल्याही मशीनमध्ये ती रॅम कामाची नाही. ८५०० आठव्या पिढीचा आहे, त्यात खरेखुरे सहा कोअर, डीडीआर-फोर रॅम, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे विंडोजच ठेवायची असेल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका.

दुसरी चूक म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी रॅममध्ये काटकसर. कंपायलरला आणि काली लिनक्सच्या टर्मिनलला ग्राफिक्स कार्डाचा उपयोग नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. शिवाय या ऑफिस डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो आणि मोठ्या कार्डासाठी लागणारी वायरच त्यात नसते.

रॅमचा हिशोब मात्र कागदावर मांडाच. समजा, नेटवर्क सिक्युरिटीच्या प्रॅक्टिकलसाठी एकाच वेळी काली, हल्ला झेलायला मेटास्प्लॉइटेबल आणि एक उबंटू लागतं. विंडोज ११, एडिटर आणि ब्राउझरच्या दहा-बारा टॅब मिळून सहा जीबी सहज खातात. काली डेस्कटॉपला चार, मेटास्प्लॉइटेबलला एक, उबंटू डेस्कटॉपला चार. बेरीज पंधरा. म्हणजे आठ जीबीत हा प्रयोग होणारच नाही, सोळात तो कडेलोटावर उभा राहील. उबंटूची सर्व्हर आवृत्ती घेतली तर तिला एक-दोन जीबी पुरतात आणि सोळात निभतं. म्हणून सुरुवात सोळाने करा, पण रॅमचे स्लॉट मोकळे असलेलं मशीन निवडा. पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप दिसायला गोड असतात, पण त्यांत लॅपटॉपची रॅम बसते आणि स्लॉट बहुधा दोनच.

रॅम जुन्या बाजारातून घेताना लेबल वाचा. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक फार स्वस्त मिळतात, साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतातही, पण मशीन चालू होत नाही. लेबलवर `PC4-2400T-R` असं दिसलं तर शेवटचा `R` म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. आपल्याला `U` असलेली हवी.

आता सेटअप. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवी मशीन करताना फक्त ३२-बिट पर्याय दिसतात, किंवा सुरू करताच `VERR_VMX_MSR_ALL_VMX_DISABLED` येतं? बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. डेलमध्ये F2, एचपीमध्ये F10, लेनोव्होमध्ये F1 दाबून बायोसात जा आणि `Virtualization` किंवा `VT-x` नावाचा पर्याय चालू करा. रायझन असेल तर तो `SVM Mode` नावाने असतो. इथेच रिफर्बिश्डचा एक खास धोका आहे. आधीच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांनी बायोसला पासवर्ड लावलेला असतो आणि दुकानदाराने तो कधी बघितलेलाच नसतो. म्हणून पैसे देण्याआधी, दुकानातच, बायोस उघडून दाखवायला सांगा आणि एखादं सेटिंग बदलून सेव्ह होतंय का ते बघा. घरी आल्यावर पासवर्ड निघाला तर पुन्हा दुकानाच्या खेपा आल्या.

लिनक्सवर असाल तर हे एवढं चालवा:

```
grep -Ec '(vmx|svm)' /proc/cpuinfo
```

उत्तर शून्य आलं तर प्रोसेसरलाच ती सोय नाही किंवा ती बंद केलेली आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या `Performance` टॅबवर सीपीयूखाली `Virtualization: Enabled` दिसायला हवं.

सगळं चालू आहे, रॅमही भरपूर आहे, तरी व्हीएममध्ये माऊस अडखळतोय? चालू व्हीएमच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसतंय का बघा. असेल तर विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे हायपर-व्ही, आधीच जागा धरून बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या मागून काम करतोय. डब्ल्यूएसएल-टू किंवा डॉकर टाकलं की, किंवा `Memory integrity` चालू असली की असं होतं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये

```
bcdedit /set hypervisorlaunchtype off
```

देऊन मशीन रीस्टार्ट करा. त्यानेही कासव गेलं नाही तर विंडोज सिक्युरिटीच्या `Core isolation` मध्ये `Memory integrity` बंद करून बघा. मात्र ते सुरक्षेचं कवच आहे, प्रयोग झाला की परत चालू करा. आणि हायपरवायझर बंद असेपर्यंत डब्ल्यूएसएल-टू व डॉकर चालणार नाहीत. `off` च्या जागी `auto` देऊन मशीन रीस्टार्ट केलं की ते परत येतात. दोन्ही रोज लागत असतील तर माझं स्पष्ट मत: मूळ मशीनवरच लिनक्स टाका आणि व्हीएमसाठी लिनक्सचाच हायपरवायझर केव्हीएम वापरा. मग हा झगडाच उरत नाही, वर रॅमही वाचते.

कासव नाही तरी संथ? टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर असेल तर दोष रॅमचा. ती संपल्यामुळे डिस्कवर ओझं गेलंय. मेमरी निवांत पण डिस्क एकटी शंभरावर असेल तर व्हीएमची फाइल बहुधा जुन्या हार्डडिस्कवर आहे, ती एसएसडीवर हलवा. सहा कोअरच्या मशीनवर प्रत्येक व्हीएमला सहाच्या सहा कोअर देण्याचा मोहही नको. दोन-दोन द्या, नाहीतर मूळ विंडोजच कोअरसाठी रांगेत उभी राहते.

एसएसडी ५१२ जीबीची घ्या. २५६ त्या दिवशी पुरेशी वाटते, पण व्हीएमची डिस्क फाइल वाढते आणि आत फायली पुसल्या तरी आपोआप लहान होत नाही. स्नॅपशॉट तर चोरपावलांनी जागा खातात: प्रत्येक प्रॅक्टिकलआधी एक घेतला की त्यानंतरचा सगळा बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातो. मग एक दिवस व्हीएम मध्येच थांबते आणि डिस्क भरल्याचा संदेश येतो. त्या वेळी घाईने स्नॅपशॉट पुसायला गेलात तर तेही अडू शकतं, कारण दोन फाइली एकत्र करताना व्हर्च्युअलबॉक्सला आणखी मोकळी जागा लागते. आधी डाउनलोड केलेल्या आयएसओ फायली दुसरीकडे हलवून काही जीबी मोकळे करा, मग जुने स्नॅपशॉट एकेक करून काढा.