औषधाची बॅच परत मागवल्याची नोटीस आली? या चुका टाळा

आमच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळीची, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची, एक बॅच कंपनीने परत मागवली होती. गोळी चाचणीत ठरलेल्या वेळेत विरघळत नव्हती. नोटीस स्टॉकिस्टकडून आली. मी सॉफ्टवेअरमध्ये बॅच टाकली, शिल्लक २५ पट्ट्या दिसल्या. फळीवर मोजल्या तर २१. चार पट्ट्यांचा घोळ आहे असं वाटलं, प्रत्यक्षात तो सहा पट्ट्यांचा निघाला. तो शोधताना ज्या चुका सापडल्या, त्या बहुतेक दुकानांत होत असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

नोटीस अर्धवट वाचणे

ब्रँडचं नाव दिसलं की आपण फळीकडे धावतो. आधी बॅच क्रमांक, ताकद, उत्पादन आणि मुदतीची तारीख पट्टीवरच्या छपाईशी अक्षर न् अक्षर जुळवा. फॉइलवर ८ आणि B, ० आणि O सहज फसवतात. मग दोन गोष्टी शोधा: रिकॉल, म्हणजे ही परत मागवणी, कोणत्या वर्गाचा आहे आणि कुठपर्यंतचा आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात जिवाला धोका असतो, तिथे माल २४ तासांत, फार तर ७२ तासांत परत निघायला हवा. दुसऱ्या वर्गाला १० दिवस, तिसऱ्याला ३० दिवस. पण ही मुदत माल परत करण्याची आहे. विक्री मात्र नोटीस हातात पडताच थांबवायची. ‘दहा दिवस आहेत, उरलेल्या खपवू’ असा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडा.

‘कुठपर्यंत’ म्हणजे घाऊक विक्रेत्यापर्यंत, दुकानापर्यंत की रुग्णापर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या SR-13 बॅचबद्दल महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही इशारा दिला. त्या बॅचच्या नमुन्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं होतं, चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. अशा वेळी घरातल्या कपाटात राहिलेली अर्धी बाटली हाच खरा धोका असतो. दुकानातल्या बाटल्या परत केल्या म्हणून काम संपत नाही.

नोटीस व्हॉट्सअॅपवर फिरून आली असेल, तर त्यात दिलेल्या नंबरवर फोन करू नका. पाकिटावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर किंवा स्वतःच्या स्टॉकिस्टकडे खातरजमा करा. ती होईपर्यंतही माल बाजूलाच ठेवा.

सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबणे

आमचा हिशेब असा होता. पहिल्या बिलात ४० पट्ट्या आणि दहावर एक योजनेच्या ४, म्हणजे ४४. दुसऱ्या बिलात २० आणि २. एकूण आल्या ६६. पण दुसऱ्या बिलातल्या दोन फ्री पट्ट्या घाईत कुणी चढवल्याच नव्हत्या, म्हणून सॉफ्टवेअरला ६४ माहीत होत्या. विक्री ३९ दिसत होती.

मग त्याच गोळीच्या दुसऱ्या, चांगल्या बॅचचा माल मोजला. तिथे उलट प्रकार: नोंदीपेक्षा ५ पट्ट्या आणि ९ गोळ्या जास्त. कारण लगेच कळलं. बिल करताना सॉफ्टवेअर लवकर मुदत संपणारी बॅच आपोआप उचलतं, आणि काउंटरवरचा मुलगा हाताला लागेल ती पट्टी देतो. म्हणजे बिलावर चांगली बॅच, पिशवीत खराब. शेवटी सुट्या गोळ्यांच्या खणात एक कापलेली पट्टी मिळाली. १५ पैकी ६ गोळ्या उरलेल्या, बॅचची छपाई असलेलं टोक शाबूत होतं म्हणूनच ओळखली.

आता जुळवा: ३९ विकल्या, ५ दुसऱ्या बॅचच्या नावावर गेल्या, २१ फळीवर, आणि एक कापलेली, ९ गोळ्या विकलेली नि ६ खणात. बरोबर ६६. हिशेब घ्यायचा तो खरेदीच्या बिलांपासून, आणि त्याच औषधाच्या सगळ्या बॅच एकाच वेळी मोजून. पट्टी कापताना बॅचचं टोक शेवटपर्यंत ठेवा, एवढी सवय मुलांना आजच लावा.

याचा अर्थ असाही होतो की फक्त खराब बॅचची बिलं काढून फोन केले, तर काही रुग्ण सुटतात. आम्ही त्या काळातली दोन्ही बॅचची बिलं काढली आणि सगळ्यांना पट्टी बघायला सांगितली.

रुग्णाला नुसतं ‘गोळी घेऊ नका’ सांगणे

रक्तदाब, फिट्स, थायरॉइड यांची गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं. फोनवर आमचं वाक्य ठरलेलं होतं: “काका, गोळी बंद करायची नाही. पट्टी घेऊन या, दुसऱ्या बॅचची बदलून देतो.” पहिल्या वर्गाच्या रिकॉलमध्ये मात्र ते औषध लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायला सांगायचं.

डॉक्टरांसाठी यात एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती नोटिशीत सहसा लिहिलेली नसते. न विरघळणारी गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब वाढलेला दिसतो. डॉक्टर साहजिकच ४० ची ८० करतात किंवा जोडीला दुसरी गोळी देतात. आता तोच रुग्ण चांगल्या बॅचवर गेला, की दाब नको तितका उतरू शकतो. उठताना चक्कर येते, म्हातारी माणसं पडतात. म्हणून ही बॅच बाजारात असतानाच्या काळात ज्यांचा डोस वाढवला, त्यांची कागदपत्रं काढून त्यांना दाब तपासायला बोलवा. आणि दवाखान्यातले एमआरने दिलेले नमुने बघायला विसरू नका. त्यांचं बिल नसतं, त्यामुळे ते कुठल्याच हिशेबात सापडत नाहीत.

परतीचा माल एक्सपायरीच्या खोक्यात टाकणे

ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. महिन्याच्या ब्रेकेज-एक्सपायरीत ही बॅच मिसळली, की कंपनीच्या लेखी ती परत आलेलीच नसते. क्रम असा ठेवा:

१. सॉफ्टवेअरमध्ये बॅच ब्लॉक करा, म्हणजे बिलच होणार नाही.
२. माल वेगळ्या खोक्यात भरून सील करा, वर ‘विक्रीस मनाई – रिकॉल’, बॅच आणि संख्या लिहा, कुलपात ठेवा. फ्रिजचं औषध असेल तर फ्रिजमध्येच, पण वेगळ्या बंद डब्यात.
३. रुग्णांनी परत आणलेल्या पट्ट्यांची वेगळी पिशवी आणि वेगळी यादी करा.
४. नोटिशीसोबतचा फॉर्म भरा: किती आल्या, किती विकल्या, किती परत. एकही शिल्लक नसेल तरी ‘शून्य’ लिहून पाठवा. उत्तरच आलं नाही तर तुमच्याकडे माल नाही की नोटीस पोचली नाही, हे कंपनीला कळत नाही.
५. स्टॉकिस्टला माल देताना बॅच लिहिलेलं स्वतंत्र चलन करा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का, तारीख घ्या.

स्टॉकिस्टचा माणूस “आत्ता खोका देऊन टाका, कागद उद्या करू” म्हणाला, तर खोका उद्याच द्या. आमच्या वेळी असंच झालं. दुसऱ्या दिवशी सील त्याच्यासमोर फोडून मोजलं, तो २० म्हणाला, मी २१. नीट बघितलं, तर कापलेल्या पट्टीच्या मागे एक अख्खी पट्टी अडकली होती. क्रेडिट नोट आली तेव्हा तिच्यावर बॅच क्रमांक नव्हता. ती परत पाठवली, बॅच लिहून मागवली, आणि नोटीस, फॉर्म, चलनासोबत एकाच फाइलला लावली. पुढच्या तपासणीला औषध निरीक्षकांनी तीच फाइल मागितली.