निश्चयक काढताना या चुका टाळा

३×३ पर्यंत कोफॅक्टर विस्तार खुशाल करा. त्यात ९ गुणाकार लागतात, रो रिडक्शनला गुणाकार-भागाकार मिळून १०. ४×४ ला मात्र हिशेब ४० विरुद्ध २३ होतो आणि १०×१० ला ६२,३५,३०० विरुद्ध ३३९. विस्तारात १०×१० च्या एका निश्चयकाचे ९×९ चे दहा होतात आणि त्यातला प्रत्येक पुन्हा फुटतो. रो रिडक्शनमध्ये एकदा साफ केलेल्या स्तंभाकडे परत बघावं लागत नाही.

तरीही विस्ताराचं रिकर्सिव्ह फंक्शन लिहायचं, ५×५ वर तपासायचं आणि ‘चालतंय’ म्हणून मोकळं व्हायचं, हा उद्योग काही थांबत नाही. ५×५ ला २०५च गुणाकार असतात, चालणारच! २०×२० दिलं की सेकंदाला एक अब्ज गुणाकार धरूनही सुमारे १३२ वर्षं लागतील. वेगवान मशीन आणून भागत नाही, कारण २१×२१ ला काम आणखी एकवीसपट होतं.

आता रो रिडक्शनवाल्यांची लाडकी चूक. अपूर्णांक नकोत म्हणून ओळ गुणून घ्यायची आणि तो गुणक विसरायचा. हे बघा:

```
2 1 3 1
3 2 5 1
4 1 7 3
2 3 4 5
```

दुसऱ्या ओळीत 3/2 टाळायला `R2 → 2R2 − 3R1` केलं, की ती `0 1 1 −1` अशी छान दिसते. पुढे `R3 − 2R1` आणि `R4 − R1`, मग `R3 + R2`, `R4 − 2R2`, शेवटी `R4 + (1/2)R3`. कर्णावर 2, 1, 2, 6 येतात आणि उत्तर म्हणून २४ लिहिलं जातं. खरं उत्तर १२. `R2` मधून `R1` ची पट वजा केल्याने निश्चयक बदलत नाही. `R2` ला २ ने गुणल्याने मात्र तो दुप्पट होतो. हीच युक्ती खालच्या तिन्ही ओळींवर केली तर उत्तर आठपट फुगतं. समीकरणं सोडवताना हे खपतं, म्हणून हात तसाच वळतो. गुणायचंच असेल तर त्याच क्षणी समासात `÷2` लिहा. ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्यांचं शेवटी राहतंच. ओळींची अदलाबदल केलीत तर तिथेच `−1` लिहा.

हाताने ४×४ करताना माझी पसंती मिश्र पद्धतीला: एका स्तंभात तीन शून्यं आणा, त्या स्तंभावर विस्तार करा, उरलेलं ३×३ सरळ सोडवा. वरच्या उदाहरणात पहिला स्तंभ साफ झाल्यावर हेच करता आलं असतं. चिन्ह `(−1)^(i+j)` ने ठरतं, घटक धन की ऋण यावरून नव्हे.

कर्णावर λ असलेल्या ३×३ मध्ये मात्र रो रिडक्शनच्या भानगडीत पडू नका. `2−λ` ने भागलंत की `λ = 2` ची केस वेगळी तपासावी लागते. तिथे विस्तारच बरा.