किल्ल्याला तडे जात होते, त्यावर सापडलेला उपाय

यंदा दिवाळीच्या किल्ल्यासाठी पोरांनी राजगड करायचा हट्ट धरला. मधोमध बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. विटा-दगड रचले, वर पोतं टाकलं आणि काळ्या मातीचा चिखल थापला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर संजीवनीला बोट जाईल एवढा तडा, आणि टोकाचा बुरूज खाली!

धाकटी म्हणाली, "बाबा, भेगेत चिखल भरू या." भरला. संध्याकाळी पुन्हा तिथेच तडा.

चूक दोन ठिकाणी होती. काळी माती वाळताना फार आकसते, आणि आमचं पोतं कोरडं होतं, त्यानं चिखलातलं पाणी शोषून घेतलं. मग सगळा थर खरवडला. लाल माती चाळली, तीन घमेल्यांना एक घमेलं बारीक वाळू घातली. पोतं पातळ चिखलात बुडवून, निथळत्या अवस्थेतच दगडांवर चापून बसवलं. त्यावर बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर दिला, तो आंबट ओला असताना दुसरा. बुरुजाच्या आत डबा उभा केला. वर ओलं फडकं टाकून रात्रभर सावलीत वाळू दिलं.

सकाळी केसासारख्या दोन-चार रेषा होत्या, ओल्या बोटानं पुसल्यावर गेल्या. मग उतारावर अळीव पेरले. पाणी मात्र हातानं शिंपडायचं. थोरल्यानं तांब्यानं ओतलं आणि पाली दरवाजाच्या पायऱ्या वाहून गेल्या. त्यांचं काम आता पुन्हा चालू आहे.