आखाजी १९ ला की २० ला? तिथी दोन दिवसांत विभागली की होणाऱ्या चुका

२०२३ सालची गोष्ट. आमच्याकडे आखाजीची, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची, पितरांची घागर चुकीच्या दिवशी भरली गेली, आणि दिवस ठरवणारा मीच होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात २३ एप्रिलच्या चौकोनात ‘तृतीया’ छापलेलं दिसलं आणि मी घरात सांगून टाकलं, आखाजी रविवारी. शेजारच्या गल्लीत शनिवारीच खापरावर मांडे सुरू झाले, झोके बांधले गेले. फुई, म्हणजे आत्या, दारात येऊन म्हणाली, “तुमनी आखाजी कव्हय शे?” मी कॅलेंडर दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं. त्याच कॅलेंडरात, आदल्या चौकोनात, लाल अक्षरांत ‘अक्षय्य तृतीया’ लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं. तिथी बघितली, सण बघितला नाही.

तोच घोळ २०२६ च्या आखाजीला पुन्हा आहे, आणि या वेळी जास्त पक्का. म्हणून हेच उदाहरण घेऊन सांगतो.

पहिली चूक: सूर्योदयाला जी तिथी, तोच सण

‘उदयतिथी घ्यायची’ हे वाक्य आपल्याकडे इतकं पाठ आहे की त्यापुढे कोणी विचारत नाही. सूर्योदयाला जी तिथी चालू असते तिचं नाव त्या दिवसाला मिळतं, एवढं खरं. ती कॅलेंडरची सोय आहे. सण मात्र वेगळ्या प्रश्नावर ठरतो: त्या सणाचं मुख्य काम दिवसाच्या कोणत्या वेळी करायचं, आणि त्या वेळी ती तिथी आहे का? या वेळेला शास्त्रात कर्मकाल म्हणतात. गणेश चतुर्थीचा कर्मकाल माध्यान्ह, लक्ष्मीपूजनाचा प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, संकष्टीचा चंद्रोदय, जन्माष्टमीचा मध्यरात्र. अक्षय्य तृतीयेचा कर्मकाल पूर्वाह्ण, म्हणजे दिवसाचा पहिला अर्धा भाग.

मुळात हा प्रश्न येतो तो तिथीच्या लांबीमुळे. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमी-जास्त होते, त्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी जवळजवळ सत्तावीस तास रेंगाळते. ती मध्यरात्रीला सुरू होत नाही, सूर्योदयालाही नाही. ती कधीही सुरू होते. आपला दिवस मात्र सूर्योदयापासून धरलेला. ही दोन मापं जुळत नाहीत, म्हणून एकच तिथी दोन तारखांवर बसते.

२०२६ ची आखाजी, आकड्यांसकट

वैशाख शुद्ध तृतीया रविवारी १९ एप्रिलला सकाळी १०.४९ ला सुरू होते आणि सोमवारी २० एप्रिलला सकाळी ७.२७ ला संपते. जळगावात या दिवसांत सूर्य साधारण ६.०५ ला उगवतो, ६.४८ ला मावळतो. म्हणजे मध्यान्ह १२.२७ च्या आसपास, आणि पूर्वाह्ण ६.०५ ते १२.२७.

आता बघा. रविवारी पूर्वाह्णाच्या शेवटच्या दीडेक तासात तृतीया आहे. सोमवारी पूर्वाह्णाच्या सुरुवातीला, ७.२७ पर्यंत, तृतीया आहे. दोन्ही दिवशी ती पूर्वाह्णाला शिवते, पण एकाही दिवशी पूर्ण व्यापत नाही. उदयतिथीवाला माणूस बेधडक सोमवार सांगेल, कारण सोमवारच्या सूर्योदयाला तृतीया आहे, रविवारच्या सूर्योदयाला द्वितीया.

इथे धर्मसिंधूतला नियम कामाला येतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये लिहिलेला हा ग्रंथ महाराष्ट्रातले पंचांगकर्ते आजही उघडतात. त्यात सांगितलंय की तृतीया दोन्ही दिवशी पूर्वाह्णात असेल, तर दुसऱ्या दिवशी ती सूर्योदयानंतर तीन मुहूर्तांहून जास्त टिकते का ते पाहा. टिकत असेल तर दुसरा दिवस, कमी पडत असेल तर पहिला. एक मुहूर्त दोन घटींचा, म्हणजे तीन मुहूर्त सहा घटी. एक घटी २४ मिनिटांची, म्हणून सहा घटी दोन तास चोवीस मिनिटं. (एप्रिलमध्ये दिवस मोठा असतो, दिवसाचा पंधरावा भाग काटेकोर धरला तर आणखी आठ-नऊ मिनिटं धरा. इथे त्याने निकाल बदलत नाही.)

सोमवारी ६.०५ पासून ७.२७ पर्यंत तृतीया मिळते फक्त एक तास बावीस मिनिटं. हवी होती ८.२९ पर्यंत. तास कमी पडला. म्हणून आखाजी रविवारी, १९ एप्रिलला.

२०२३ चं गणितही असंच होतं. तृतीया २२ एप्रिलच्या सकाळी ७.४९ पासून २३ च्या ७.४७ पर्यंत. २३ ला सूर्योदय ६.०३ च्या आसपास, म्हणजे पावणेदोन तास तृतीया. तरी दोन तास चोवीस मिनिटांना कमीच. फुईचा शनिवार बरोबर होता.

उलट २०२५ मध्ये वादच नव्हता. तृतीया २९ एप्रिलच्या संध्याकाळी ५.३१ ला लागली आणि ३० ला दुपारी २.१२ पर्यंत होती. पहिल्या दिवशी पूर्वाह्ण कधीच सरला होता, दुसऱ्या दिवशी अख्खा पूर्वाह्ण तृतीयेचा. आखाजी ३० ला. अशा वर्षी उदयतिथीही तेच सांगते, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की ती नेहमीच बरोबर असते.

दुसरी चूक: घटी-पळं तास-मिनिटं समजून वाचणं

ही चूक घरातल्या जुन्या माणसांच्या नाही, आमच्यासारख्यांच्या हातून होते. पंचांगात तिथीसमोर दोन जोड्या असतात, एक घटी-पळांची आणि एक तास-मिनिटांची. २० एप्रिलला तृतीयेपुढे जळगावच्या सूर्योदयाने ‘३-२५’ च्या जवळपास आकडा येईल. घाईत वाचणारा म्हणतो, तृतीया दुपारी ३.२५ पर्यंत आहे, म्हणजे सोमवारच की! पण ती घटी-पळं आहेत, सूर्योदयापासून मोजलेली. तीन घटी म्हणजे ७२ मिनिटं, पंचवीस पळं म्हणजे दहा मिनिटं, एकूण ८२. मिळवा ६.०५ मध्ये, ७.२७ येतं.

खरं तर घटी वाचता आली तर आखाजीचा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात सहाहून मोठा आकडा आहे का, एवढंच बघायचं. ३-२५ आहे, म्हणजे आदला दिवस. २०२३ मध्ये ४-२० होता, तेव्हाही आदलाच दिवस.

तास-मिनिटांच्या रकान्यातही एक फसगत आहे. त्याच २० एप्रिलच्या ओळीत चतुर्थीपुढे ‘२८-१४’ असं काहीतरी दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. मध्यरात्रीनंतर चोवीसच्या पुढे मोजत जातात, म्हणजे पहाटे सव्वाचार. ही चतुर्थी सोमवारी सकाळी ७.२७ ला लागते आणि मंगळवारच्या सूर्योदयाआधीच संपते. तिला एकही सूर्योदय मिळत नाही, म्हणून ती क्षय तिथी. उदयतिथीच्या हिशेबाने ती आलीच नाही. तरी विनायकी चतुर्थी सोमवारीच, कारण तिचा कर्मकाल माध्यान्ह आणि सोमवारी भर दुपारी चतुर्थी आहे. एकाच चौकोनात सूर्योदयाला तृतीया, सण चतुर्थीचा, आणि आखाजी आदल्या दिवशी होऊन गेलेली! हा एक चौकोन नीट समजला तर बाकीचं वर्ष सोपं जातं.

तिसरी चूक: आखाजीचा नियम दिवाळीला लावणं

तीन मुहूर्त पाठ झाले की माणूस ते सगळीकडे लावायला जातो. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला आमच्या बाजारपेठेत हेच झालं. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ ला संपली. जळगावात १ तारखेला सूर्यास्त ५.५२ च्या सुमारास. दुसऱ्या संध्याकाळी अमावास्या सूर्यास्तानंतर जेमतेम चोवीस मिनिटं, आदल्या संध्याकाळी मात्र भरपूर. मग ३१ का नाही? कारण इथे नियम वेगळा: दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ला पूजा झाली. ‘जिथे तिथी जास्त वेळ तो दिवस’ हा नियम कोणी लिहिलेला नाही, तो आपणच तयार केलाय.

कानबाईचं बरं असतं. नागपंचमीनंतरचा रविवार ठरलेला, तिथे घटी मोजत बसावं लागत नाही.

चौथी चूक: मोबाईलमधलं गाव

तिथी संपण्याचा क्षण सगळ्या भारतात एकच असतो. बदलतो तो सूर्योदय आणि सूर्यास्त. अ‍ॅपमध्ये ठिकाण उज्जैन किंवा दिल्ली राहिलं असेल तर तिथला सूर्योदय धरून निर्णय दिलेला असतो. नंदुरबार आणि भुसावळ यांच्यातच सूर्योदयाचा सहा मिनिटांचा फरक पडतो. १९ एप्रिलच्या निर्णयाला याने धक्का लागत नाही, कारण तिथे तासाभराची तफावत आहे. पण तिथी सहा घटींच्या काठावर येऊन संपत असेल तर आधी ठिकाण तपासा, मग भांडा. आणि दोन पंचांगांत तिथी संपण्याची वेळच वेगळी असेल, तर प्रश्न गावाचा नाही, गणिताच्या पद्धतीचा आहे. एक आजच्या वेधांशी जुळवलेलं असतं, दुसरं जुन्या ग्रंथाच्या गणिताचं. अशा वेळी वर्षभर एकच पंचांग धरावं. आखाजी एकाची आणि पोळा दुसऱ्याचा, असं करू नये.

दिवस बरोबर, वेळ चुकली

ही शेवटची, आणि यंदा रविवारी हमखास होणारी. दिवस १९ ठरला म्हणून कोणी सकाळी सातलाच घागर भरून, वर डांगर ठेवून, आगारी म्हणजे पितरांचा घास विस्तवावर टाकून मोकळं होईल. पण सातला अजून द्वितीया आहे. तृतीया १०.४९ ला लागते आणि पूर्वाह्ण १२.२७ ला संपतो, म्हणजे पितरांच्या घागरीला हातात दीड तासच आहे. पितरांचं काम म्हणून दुपार टळेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. ही युगादि तिथी शुक्ल पक्षातली, आणि शुक्ल पक्षातल्या युगादींचं श्राद्ध पूर्वाह्णातच सांगितलंय.

आम्ही घरात असं ठरवलंय की पुरण पहाटे शिजवायचं, खापर नऊला चुलीवर चढवायचं आणि पहिला मांडा पावणेअकराच्या आत उतरवायचा. सालदाराचा हिशेब मात्र आदल्या रात्रीच मिटवायचा, त्याला तिथी लागण्याची वाट बघायला लावायची नाही.