ह्यूस्टनमध्ये भाड्याने राहताय? पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो

अपार्टमेंटची चावी देण्याआधी लीजिंग ऑफिस रेंटर्स इन्शुरन्सचा पुरावा मागतं. नवीन आलेले बहुतेक जण मिळेल ती स्वस्त पॉलिसी घेतात, कागद दाखवतात आणि मोकळे होतात. ऑफिसला मात्र त्यात एकच गोष्ट हवी असते: लायबिलिटी, बहुधा १,००,००० डॉलरची. म्हणजे तुमच्या गॅसवर तेल पेटलं आणि इमारत जळली, तर मालकाला भरपाई मिळावी. काही ठिकाणी ऑफिसच भाड्यात महिन्याला थोडे डॉलर जोडून स्वतःचं कव्हर देतं. त्यात अनेकदा फक्त लायबिलिटी असते, तुमच्या सोफ्यासाठी छदामही नाही. पॉलिसीत ‘पर्सनल प्रॉपर्टी’ची ओळ आणि तिच्यापुढे रक्कम आहे का, ते आधी बघा.

ती असली तर आग, धूर, चोरी आणि वरच्या मजल्यावरची पाइप फुटून गळलेलं पाणी एवढं साधारणपणे धरलेलं असतं. बाहेरून जमिनीवरून चढत आलेलं पाणी नसतं. विमावाल्याचा पहिला प्रश्नच असतो, पाणी वरून आलं की खालून. ड्रेनेज उलटून आलेलं पाणीही बहुधा वगळलेलं असतं, त्यासाठी वेगळी जोडणी मागून घ्यावी लागते.

पुरासाठी सरकारी एनएफआयपी योजनेत भाडेकरूला फक्त सामानाची, म्हणजे ‘कंटेंट्स ओन्ली’ पॉलिसी मिळते. कमाल मर्यादा १,००,००० डॉलर. ती नेहमीच्या विमा एजंटकडूनच घेता येते. अडचण वेळेची आहे: पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे ३० दिवसांनी ती लागू होते. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, म्हणून एप्रिल संपायच्या आत घ्या. मेक्सिकोच्या गल्फमध्ये वादळाला नाव मिळालं की अनेक कंपन्या साधी रेंटर्स पॉलिसीसुद्धा नव्याने देणं थांबवतात.

‘आमची जागा फ्लड झोनमध्ये नाही’ यावर विसंबू नका. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाच्या वेळी नकाशातल्या पूररेषेबाहेरची असंख्य घरं बुडाली. टेक्सासच्या कायद्याने २०२२ पासून मालकाने लीजच्या वेळी लेखी सांगायचं असतं, की जागा शंभर वर्षांच्या पूररेषेत आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी शिरलं होतं का. तो कागद मागून घ्या. आणि हो, इथला फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला तळमजला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पुराची पॉलिसी कमी गरजेची. त्याची गाडी मात्र खालीच उभी असते आणि ती सामानाच्या कुठल्याच पॉलिसीत येत नाही. त्यासाठी गाडीच्या विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ कव्हर हवं.

आता भरपाईचा हिशोब. एनएफआयपी सामानाची घसारा वजा करून किंमत देते. समजा ९०० डॉलरचा सोफा चार वर्षं वापरलेला आहे आणि त्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं, तर ५४० मिळतात. दोन वर्षं वापरलेल्या १,२०० च्या लॅपटॉपचं आयुष्य चार वर्षं धरलं, तर ६००. दोन्ही मिळून १,१४०. डिडक्टिबल, म्हणजे आपण सोसायची पहिली रक्कम, १,००० असेल तर हातात १४० डॉलर! म्हणून ही पॉलिसी एखाद-दुसऱ्या वस्तूसाठी नसते. गादीपासून कपाटातल्या साड्यांपर्यंत सगळं भिजतं तेव्हा ती कामी येते. पूर आल्यावर हॉटेलात राहावं लागलं तर तो खर्चही ती देत नाही. रेंटर्स पॉलिसीत मात्र ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ निवडता येते. थोडा जास्त हप्ता पडतो, पण जुन्याऐवजी नव्याची किंमत मिळते, म्हणून तीच घ्या. बहुधा आधी घसारा कापून रक्कम देतात, आणि नवीन वस्तूची पावती दाखवली की उरलेली.

दागिन्यांकडे विशेष लक्ष द्या. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या चोरीला गेल्या तर साध्या रेंटर्स पॉलिसीत सगळ्या दागिन्यांना मिळून अनेकदा १,५०० डॉलरचीच मर्यादा असते. पुराच्या पॉलिसीत ती २,५०० आहे. जास्त सोनं असेल तर सराफाकडून मूल्यांकन करून ते ‘शेड्यूल’ करून, म्हणजे पॉलिसीत वेगळं नोंदवून घ्या, नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

सामान लावून झालं की फोनवर घराचा व्हिडिओ काढा. कपाटं, ड्रॉवर, स्वयंपाकघरातले डबे उघडून दाखवा, टीव्ही-लॅपटॉपचे सीरियल नंबर टिपा आणि फाइल क्लाउडवर ठेवा. पाणी शिरलंच तर भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा आणि फोटो झाल्याशिवाय काहीही फेकू नका. गालिच्याचा एक तुकडा कापून ठेवा. एनएफआयपीला सहीचा ‘प्रूफ ऑफ लॉस’, म्हणजे नुकसानीचा लेखी तपशील, ६० दिवसांत द्यावा लागतो. चोरी झाली तर पोलिस रिपोर्ट लगेच करा, त्याचा नंबर क्लेमच्या अर्जात लागतो.

रूममेटबरोबर राहत असाल तर एकाच्या पॉलिसीत दुसऱ्याचं सामान येत नाही. नवरा-बायकोचं येतं. मित्रांनी आपापली वेगळी घ्यावी, किंवा दोघांची नावं पॉलिसीवर आहेत याची खात्री करावी.