साहेबासमोर गप्प बसणारा माणूस: पॉवर डिस्टन्स की समूहवाद?

क्रॉस-कल्चरल मॅनेजमेंटच्या पहिल्या क्विझमध्ये मला वीसपैकी नऊ गुण मिळाले. नोकरी सांभाळून एमबीए करत होतो. रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. होफस्टेडच्या सहा मिती मला पाठ होत्या, व्याख्याही पाठ होत्या, तरी अकरा उत्तरं चुकली. दुसऱ्या दिवशी चुकलेले प्रश्न वहीत उतरवले, तेव्हा दिसलं की त्यातल्या सात प्रश्नांत चूक एकच होती. पॉवर डिस्टन्सच्या जागी समूहवाद, नाहीतर समूहवादाच्या जागी पॉवर डिस्टन्स. हे त्या एका चुकीबद्दल लिहितो आहे. मिती कोणत्या, कोणी मांडल्या, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

प्रश्न साधारण असा होता: कारखान्यातल्या एका कामगाराला प्रक्रियेतली चूक दिसते, पण साहेबांनी विचारल्याशिवाय बोलणं योग्य नाही असं वाटून तो गप्प राहतो. यातून कोणती मिती दिसते? मी समूहवाद निवडला. मनात विचार असा, की हा माणूस स्वतःचं मत पुढे करत नाही, म्हणजे व्यक्तिवादी नाही, म्हणजे समूहवादी. पहिल्यांदा वाचताना हा विचार अगदी सरळ वाटतो. तो चुकीचा आहे.

का चुकीचा, हे मला व्याख्येतून कळलं नाही. होफस्टेडनं हे आकडे कशातून काढले ते वाचलं तेव्हा कळलं. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. पॉवर डिस्टन्सचा निर्देशांक त्यातल्या फक्त तीन प्रश्नांवर उभा आहे. वरिष्ठांशी मतभेद व्यक्त करायला कर्मचारी किती वेळा घाबरतात? तुमचा साहेब प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो, एकट्यानं की विचारून? आणि तुम्हाला कसा साहेब आवडेल? तिन्ही प्रश्न खालून वर पाहणारे आहेत. म्हणून व्याख्येत ‘कमी सत्ता असलेल्या सदस्यांना सत्तेचं असमान वाटप किती अपेक्षित आणि मान्य असतं’ असे शब्द येतात. क्विझमध्ये हमखास एक पर्याय असतो: ‘व्यवस्थापकांच्या हाती किती सत्ता आहे’. तो कितीही ओळखीचा वाटला तरी सोडा. मोजमाप साहेबाच्या खुर्चीचं नाही, खुर्चीकडे बघणाऱ्या नजरेचं आहे.

व्यक्तिवादाचा निर्देशांक वेगळ्याच प्रश्नांतून आला. आदर्श नोकरीत तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, असं विचारलं होतं. स्वतःसाठी आणि घरासाठी वेळ, कामाची पद्धत ठरवण्याची मोकळीक, आव्हानात्मक काम या गोष्टी व्यक्तिवादाच्या टोकाला गेल्या. प्रशिक्षणाची संधी, कामाच्या जागेची चांगली स्थिती, आपलं कौशल्य पुरेपूर वापरलं जाणं या गोष्टी दुसऱ्या टोकाला. प्रशिक्षण समूहवादाकडे कसं, यावर मी दोन दिवस अडलो होतो. कारण असं, की प्रशिक्षण आणि चांगली जागा कंपनी माणसाला देते, त्यात माणूस संस्थेवर अवलंबून असतो. वेळ आणि मोकळीक यांत तो संस्थेपासून सुटा उभा असतो. आता या सहा गोष्टी पुन्हा वाचा. त्यात साहेब कुठेच नाही. सगळा घोळ इथेच सुटतो: एक मिती वर-खालच्या नात्याची आहे, दुसरी माणूस आणि त्याच्या गटामधल्या नात्याची.

यावरून मी स्वतःसाठी एक चाचणी केली. प्रश्नातल्या साहेबाच्या जागी त्याच पगाराचा, त्याच टेबलावरचा सहकारी बसवा. कारखान्यातला कामगार सहकाऱ्याला ‘अरे, इथे चूक होतेय’ असं सहज सांगेल का? सांगेल. म्हणजे गप्प बसणं हुद्द्यामुळे होतं. उत्तर पॉवर डिस्टन्स. आता दुसरा प्रश्न घ्या: भरमीटिंगमध्ये सहकाऱ्याच्या कामातली उणीव काढली म्हणून सगळा गट अस्वस्थ होतो, ती गोष्ट बाजूला घेऊन सांगायला हवी होती असं सगळ्यांना वाटतं. इथे दोघं आधीच बरोबरीचे आहेत, तरी बोलणं खटकलं. उत्तर समूहवाद. तिसरा: व्यवस्थापक जास्त पात्र उमेदवार सोडून आपल्या नात्यातल्या मुलाला नोकरी देतो. प्रश्नात ‘व्यवस्थापक’ हा शब्द आहे म्हणून मी पॉवर डिस्टन्सवर खूण केली होती. पण इथे कोणी वर बघत नाही. आपला आणि परका असा भेद आहे. उत्तर समूहवाद.

चाचणी अडते तीही जागा सांगतो. ‘गटातला सलोखा बिघडू नये म्हणून कर्मचारी साहेबाच्या मताला विरोध करत नाहीत.’ वागणं पहिल्या प्रश्नासारखंच आहे, पण कारण वाक्यातच दिलेलं आहे: सलोखा. अशा वेळी वागण्यापेक्षा कारण मोठं. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ या शब्दांखाली मी अजूनही रेघ मारतो. आणि कारणच दिलेलं नसेल, शिवाय साहेब हा घरच्या धंद्यातला थोरला भाऊ असेल, तर प्रश्न खरंच संदिग्ध आहे. तिथे चुकलात तर स्वतःला दोष देऊ नका, सरांना जाऊन विचारा. मी दोनदा विचारलं आणि एकदा प्रश्न रद्द झाला.

आता सीनियरांच्या सल्ल्याबद्दल, कारण मला त्याचाच सर्वांत जास्त तोटा झाला. एका सीनियरनं सांगितलं होतं, ‘आशियाई देश आला की जास्त पॉवर डिस्टन्स आणि समूहवाद, पाश्चात्त्य देश आला की कमी पॉवर डिस्टन्स आणि व्यक्तिवाद, डोळे झाकून.’ हा सल्ला बऱ्याच वेळा बरोबर निघतो, म्हणूनच घातक आहे. होफस्टेडच्या आकडेवारीत दोन्ही मिती खरोखरच एकमेकींशी जोडलेल्या दिसतात, समूहवादी देशांत पॉवर डिस्टन्स बहुधा जास्त असतं. त्यामागे बराचसा भाग देशाच्या संपन्नतेचा आहे. संपन्नता जुळती धरली की ते नातं पुष्कळ सैल पडतं. परीक्षक प्रश्न काढतो तो नेमका या जोडीत न बसणाऱ्या देशांवर. फ्रान्समध्ये व्यक्तिवाद 71 आणि पॉवर डिस्टन्सही 68. उलट कोस्टारिकामध्ये व्यक्तिवाद फक्त 15, तरी पॉवर डिस्टन्स 35, म्हणजे जर्मनी आणि ब्रिटनइतकंच. हे दोन देश लक्षात ठेवलेत तर पन्नास देशांचा तक्ता घोकावा लागणार नाही. तक्ते घोकण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

फ्रान्सचं उदाहरण आणखी पुढे नेतो, कारण माझं खरं समाधान तिथे झालं. फ्रान्समधल्या इन्सिआड या संस्थेत ओवेन जेम्स स्टीव्हन्स नावाचे अमेरिकन प्राध्यापक 1970 च्या दशकात शिकवत. त्यांनी परीक्षेत एक केस दिली: कंपनीतल्या दोन विभागप्रमुखांमध्ये वाद आहे, निदान करा आणि उपाय सांगा. बहुतेक फ्रेंच विद्यार्थ्यांचं म्हणणं आलं, की दोघांच्या वरच्या साहेबानं लक्ष घातलेलं नाही, वाद त्याच्याकडे न्या, तो निकाल देईल. जर्मन विद्यार्थ्यांना वाटलं, की कोणाचं काम काय हे ठरलेलं नाही, नियम आणि कार्यपद्धती घालून द्या. ब्रिटिश विद्यार्थ्यांनी तो माणसामाणसांतला प्रश्न मानला, दोघांना वाटाघाटीचं प्रशिक्षण द्या म्हणाले.

आता यावर क्विझचा प्रश्न येतो: हा फरक कोणत्या मितीमुळे? माझं पहिलं उत्तर व्यक्तिवाद होतं, कारण ब्रिटिश उत्तरात दोन व्यक्ती दिसत होत्या. आकडे ताडून पाहा. व्यक्तिवाद फ्रान्सचा 71, जर्मनीचा 67, ब्रिटनचा 89. तिन्ही व्यक्तिवादी देश, फ्रेंच आणि जर्मन तर जवळजवळ सारखे, तरी त्यांची उत्तरं वेगळी. म्हणजे व्यक्तिवादानं हा फरक उलगडत नाही. पॉवर डिस्टन्स घ्या: फ्रान्स 68, जर्मनी आणि ब्रिटन दोघेही 35. फ्रेंच विद्यार्थी वर का धावले ते इथे कळलं, पण जर्मन आणि ब्रिटिश वेगळे का, ते राहिलं. त्यासाठी अनिश्चितता टाळण्याची मिती लागते. त्यात जर्मनी 65 आणि ब्रिटन 35. म्हणून जर्मन नियमांकडे वळले. बरोबर पर्याय होता ‘पॉवर डिस्टन्स आणि अनिश्चितता टाळणे’. अशी एक केस अर्धा तास घेऊन सोडवा. नोट्सच्या चाळीस पानांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

भारताबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपण मराठी मुलं इथे मनानं उत्तर देतो. आपल्याकडे घर, भाऊबंद, गाव सगळं धरून असतं, म्हणून ‘भारत अत्यंत समूहवादी’ हा पर्याय डोळ्यांना खरा वाटतो. होफस्टेडच्या मूळ आकड्यांत भारताचा व्यक्तिवाद 48 आहे, म्हणजे मधला. पाकिस्तान आणि इंडोनेशिया 14 वर आहेत, ग्वाटेमाला 6 वर. भारताचं पॉवर डिस्टन्स मात्र 77, ते नक्कीच जास्त. अलीकडे संकेतस्थळावरचे व्यक्तिवादाचे आकडे बदलले आहेत, म्हणून तुमचा अभ्यासक्रम पुस्तकाचे आकडे धरतो की संकेतस्थळाचे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि मलेशियाचं पॉवर डिस्टन्स 104 दिसलं तर छापील चूक समजू नका. सूत्र पहिल्या चाळीस देशांवर बसवलं होतं, मलेशिया नंतर आला आणि शंभराच्या वर गेला.

प्रश्नात ‘ग्लोब’ हा शब्द दिसला तर थांबा. त्या अभ्यासात समूहवादाचे दोन प्रकार आहेत, संस्थेच्या पातळीवरचा आणि घर-गटाच्या आतला. शिवाय प्रत्येक मितीला ‘आहे तसं’ आणि ‘असायला हवं तसं’ असे दोन आकडे असतात. पॉवर डिस्टन्स जवळजवळ सगळीकडे ‘आहे’ मध्ये जास्त आणि ‘हवं’ मध्ये कमी येतं. होफस्टेडचं उत्तर तिथे चिकटवलंत तर चुकेल. मी चिकटवलं होतं.

शेवटचा एक प्रश्न, जो माझ्या अंतिम परीक्षेत आला. ‘संजय भारतीय आहे. तो डेन्मार्कमधल्या व्यवस्थापकाशी मतभेद व्यक्त करेल का?’ डेन्मार्कचं पॉवर डिस्टन्स 18, भारताचं 77, हात आपोआप ‘करणार नाही’ कडे जातो. चार पर्यायांत एक होता: ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’. 77 हा देशाचा आकडा आहे, संजयचा नाही. आयबीएमच्या सर्वेक्षणातही तो एका माणसाच्या उत्तरांवरून काढता येत नव्हता, देशभरातल्या उत्तरांची सरासरी आणि टक्केवारी घेऊनच तो निघायचा. मी तीन मिनिटं त्या प्रश्नावर थांबलो आणि चौथ्या पर्यायावर खूण केली.