कार्बोनाराची भुर्जी होते ती कुठे? या चुका टाळा

कार्बोनारा या रोमच्या पास्त्यामध्ये साय नसते. अंडी, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे खारट चीज, ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, काळी मिरी आणि पास्ता उकळलेले पाणी एवढ्यावरच त्याचा दाट, गुळगुळीत रस तयार होतो. दोघांसाठी मी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 1 अख्खे अंडे, 3 बलक आणि साधारण 60 ग्रॅम पेकोरिनो घेतो. बिघडलेल्या कार्बोनाराचे खापर बहुतेक जण या प्रमाणावर फोडतात, पण मी पाहिलेल्या दहापैकी नऊ वेळा दोष भांड्यातल्या उष्णतेचा होता.

बलक साधारण 65 अंश सेल्सियसला दाट होऊ लागतो आणि 70 च्या सुमारास थिजतो. पांढरा भाग त्याच्याही थोडा आधीपासून घट्ट होऊ लागतो. म्हणजे रस दाट होणे आणि त्याची भुर्जी होणे यांत जेमतेम काही अंशांचे अंतर आहे, आणि मांस परतलेले भांडे त्या अंतराच्या कितीतरी वर असते.

गॅस बंद केला म्हणजे भांडे थंड झाले, असे समजणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. घरी चार पाहुणे होते आणि मी मोठ्या हौसेने बिडाचे जड भांडे काढले होते. त्यात मांस कुरकुरीत परतले, गॅस बंद केला, स्पॅगेटी टाकली आणि लगेच अंडी-चीजचे मिश्रण ओतले. कडेला पिवळे कण दिसू लागले तसा मी अधिक जोराने ढवळू लागलो, आणि त्यामुळे तळाशी थिजलेले अंडे सगळीकडे पसरण्याखेरीज काही झाले नाही. पाहुण्यांनी ते मुकाट्याने खाल्ले. पुढच्या खेपेला पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात हाच पदार्थ उत्तम जमला, तेव्हा मी त्याचे श्रेय माझ्या सुधारलेल्या हाताला दिले. खरे कारण एवढेच होते की बीड उष्णता धरून ठेवते आणि पातळ ॲल्युमिनियम ती लवकर सोडते.

आता मी गॅस बंद करून भांडे शेगडीवरून खाली उतरवतो, कारण शेगडीची जाळीही तापलेली असते. मग त्यात निथळलेली स्पॅगेटी आणि पळीभर पास्त्याचे पाणी घालून मिनिटभर हलवतो. हे पाणी चर्र न करता शांत पडले पाहिजे. ते फसफसले किंवा बुडबुडे आले, तर आणखी थांबावे. जड भांडे असेल, तर स्पॅगेटी सरळ दुसऱ्या गार वाडग्यात काढावी. एवढे मिनिटभर थांबणे नवशिक्यांच्या जिवावर येते आणि नेमके तिथेच त्यांचे अंडे फुटते.

पास्त्याचे पाणी ओतून देणे. आपण कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतो, तेच काम इथे पास्त्यातून पाण्यात उतरलेला स्टार्च करतो. तो अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही, त्यामुळे मिश्रण थोडी जास्त उष्णता सोसते. म्हणून मी दोघांच्या पास्त्याला दीड लिटरच पाणी घेतो, म्हणजे ते गढूळ होते. पेकोरिनो खारट असल्यामुळे मीठही हात राखून घालतो. अंडी-चीजच्या मिश्रणात या गरम पाण्याचे दोन चमचे आधीच थोडे थोडे करून फेटून घ्यावेत, म्हणजे अंड्याला एकदम चटका बसत नाही.

चीज जाड किसू नये, ते वितळण्याआधीच गोळा होते.

फ्रिजमधली अंडी अर्धा तास आधी बाहेर काढावीत.

रस पातळ दिसताच मोठी आच लावणे. मिश्रण घातल्यावर रस पहिला अर्धा मिनिट दुधासारखा पातळच दिसतो. सतत हलवत राहिले तर बहुधा तो दाट होतो. झाला नाही, तर पास्ता वाडग्यात घेऊन वाडगे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, तळ पाण्याला न टेकवता धरावे आणि दर दहा सेकंदांनी उतरवून पाहावे. उलथन्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ उमटून तशीच राहिली की थांबावे, कारण ताटात जाईपर्यंत रस आणखी दाट होतो. पहिले बारीक कण दिसले, तर ढवळत न बसता कोमट पाण्याचा एक चमचा घालून वाडगे लगेच उतरवावे; तेवढ्यावर निभावते. पूर्ण थिजलेले अंडे मात्र परत पातळ होत नाही.

सायीचा सोपा मार्ग मला ठाऊक आहे. साय घातली की अंडे सहसा फुटत नाही हे खरे आहे, पण मिरी आणि पेकोरिनोची धार तिच्यात बुडून जाते आणि आच सांभाळायला माणूस कधीच शिकत नाही. या रसातले अंडे पूर्ण शिजलेले नसते, त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी मी हा पदार्थ करत नाही.